पाहुण्यांसाठी वाय-फायचं कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आमच्या चिपळूणजवळच्या घरी मुंबई-ठाण्याहून चाकरमानी येतात. पाच दिवसांत पंधरा-सोळा फोन घरात फिरत असतात. पूर्वी आल्याआल्या पाणी-गूळ झाला की पासवर्डची विचारणा सुरू व्हायची, आणि राउटरच्या पोटाला चिकटवलेलं बारीक अक्षरांचं लेबल वाचायला कुणीतरी खुर्चीवर चढायचं. आता ओटीवर आणि माडीवर एकेक छापील कार्ड ठेवलेलं असतं. त्यावरचा क्यूआर कोड फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन केला की फोन वाय-फायला जोडला जातो. ते कार्ड पाहून नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी जे प्रश्न विचारले, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. उदाहरणातलं नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड अर्थातच बनवलेले आहेत.

या कोडमध्ये नेमकं असतं काय?

एक ओळ मजकूर, बाकी काही नाही. ती ओळ अशी दिसते:

```
WIFI:T:WPA;S:Angan-Pahune;P:aamras-puri-2-vati;;
```

`WIFI:` वाचलं की ही वाय-फायची माहिती आहे, हे फोनला कळतं. `T` म्हणजे सुरक्षेचा प्रकार, `S` म्हणजे नेटवर्कचं नाव, `P` म्हणजे पासवर्ड. प्रत्येक भाग अर्धविरामाने संपतो आणि शेवटी आणखी एक अर्धविराम येतो. घरच्या राउटरवर WPA2 असो किंवा WPA2 आणि WPA3 एकत्र असोत, `T:WPA` हेच लिहायचं.

पासवर्ड इथे कुलूपबंद नसतो, उघड्या अक्षरांत असतो. कोडचा फोटो ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे पासवर्ड गेला, असंच धरून चालायचं. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

कोड स्कॅन करायला नेट लागतं का? तो काही दिवसांनी बंद पडतो का?

दोन्हींचं उत्तर नाही. मजकूर कागदावरच आहे आणि फोनचा कॅमेरा तो वाचतो, मध्ये कुणी नसतं. तुम्ही राउटरवरचं नाव किंवा पासवर्ड बदलेपर्यंत कार्ड चालतं. बदललात की त्याच क्षणी जुनी सगळी कार्डं रद्दी होतात.

मग माझा एका वेबसाइटवर बनवलेला कोड महिनाभराने का बंद पडला?

हे माझ्याही बाबतीत झालंय. पहिल्या वर्षी एका संकेतस्थळावर फुकट कोड केला, सुंदर रंगीत छापून घेतला, आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आत्याने स्कॅन केल्यावर पैसे भरा असं सांगणारं पान उघडलं. त्या कोडमध्ये आमच्या वाय-फायची ओळ नव्हतीच. त्यांच्या सर्व्हरचा एक दुवा होता आणि खरी माहिती त्या दुव्यामागे ठेवलेली होती. अशा कोडना डायनॅमिक कोड म्हणतात. दुकानाच्या जाहिरातीला ते उपयोगी पडतात, पण वाय-फायला त्यांचा काही उपयोग नाही: ज्याच्याकडे नेटच नाही, असा पाहुणा तो दुवा उघडणार कसा?

ओळखायची खूण सोपी आहे. छापण्याआधी कोड स्कॅन करा. नेटवर्कला जोडू का, असं फोनने विचारलं तर कोड खरा. `https` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो फेकून द्या. अनोळखी संकेतस्थळावर घरचा पासवर्ड टाइप करण्याची गरज तशीही नाही, कारण कोड घरच्या घरी होतो.

घरच्या घरी म्हणजे कसा?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फोन. अँड्रॉइड 10 पासून ही सोय फोनमध्येच आहे. फोन ज्या नेटवर्कला जोडलेला आहे त्याच्या सेटिंगमध्ये जायचं, `Share` किंवा `QR code` दाबायचं आणि बोटाचा ठसा किंवा पिन द्यायचा. पडद्यावर कोड येतो आणि बहुतेक फोनवर त्याच्याखाली पासवर्डही लिहिलेला दिसतो. आयफोनवर आयओएस 18 पासून `Passwords` नावाचं ॲप आहे. त्यात `Wi-Fi` मध्ये नेटवर्क निवडून `Show Network QR Code` दाबलं की झालं. एक सांभाळा: फोन पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडून मगच हे करायचं. नाहीतर घरच्या मुख्य नेटवर्कचा कोड छापला जातो.

पडद्याचा फोटो छापून काम भागतं. पण धारदार छपाई हवी असेल आणि घरात लिनक्स किंवा मॅक संगणक असेल, तर `qrencode` हा छोटा फुकट प्रोग्राम घालून घ्या. मी हाच वापरते:

```
qrencode -l M -m 4 -t SVG -o pahune.svg \
'WIFI:T:WPA;S:Angan-Pahune;P:aamras-puri-2-vati;;'
```

यातून SVG फाइल मिळते. ती कितीही मोठी केली तरी चौकोनांच्या कडा फाटत नाहीत. `-m 4` म्हणजे भोवतीची पांढरी समास-जागा. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क खरंच लागतं का? घरचीच माणसं आहेत.

माणसं घरची असली तरी त्यांच्या फोनमध्ये काय आहे, ते त्यांनाही ठाऊक नसतं. शिवाय कार्ड ओटीवर ठेवलं की आरतीला आलेला प्रत्येकजण ते पाहणार. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं असलं की त्यांचे फोन इंटरनेटपर्यंत पोहोचतात, पण घरचा प्रिंटर, कॅमेरे, संगणकावरच्या सामायिक फाइली यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणखी एक फायदा रोज जाणवतो. गणपती गेले की मी पाहुण्यांचा पासवर्ड बदलते आणि घरातल्या टीव्ही-कॅमेऱ्यांना हातही लावावा लागत नाही. एकच नेटवर्क असतं तर प्रत्येक यंत्रात नवा पासवर्ड घालत बसावं लागलं असतं.

राउटरच्या पानावर `Guest Network` शोधायचं. पानाचा पत्ता बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो, आणि नक्की कोणता ते लेबलवर लिहिलेलं असतं. तिथे पाहुण्यांना स्थानिक यंत्रं दिसू देण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. त्याच पानावर शिरण्याचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर तोही त्याच वेळी बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा. हे दोन्ही एकच समजणारे बरेच भेटतात.

याची एक अडचण आधीच सांगून ठेवते. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरच्या टीव्हीवर फोटो टाकता येत नाहीत, कारण फोनला टीव्ही दिसतच नाही. भाचरांना हवं असतं नेमकं तेच. आम्ही मोठ्या भाच्याचा एक फोन मुख्य नेटवर्कला जोडून देतो आणि फोटो तिथूनच लावतो.

नाव आणि पासवर्ड कसे ठेवू? नाव मराठीत ठेवता येईल का?

पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा असावा लागतो. मी तीन-चार साधे शब्द, एखादा आकडा आणि मध्ये जोडरेघा असा ठेवते. `aamras-puri-2-vati` मध्ये 18 अक्षरं आहेत. एवढा लांब पासवर्ड तोडायला अवघड आणि लॅपटॉपवर टाइप करायला सोपा. सगळी अक्षरं लहान लिपीतली ठेवते, कारण आजोबांच्या कीबोर्डवर मोठं अक्षर आणण्यातच पाच मिनिटं जातात. घराच्या नावाशी, जन्मसालाशी किंवा मोबाइल नंबराशी पासवर्डचा संबंध नको.

नावाचं बंधन वेगळं आहे. वाय-फायच्या नावाला 32 बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावतं, पण देवनागरीतला प्रत्येक वर्ण, मात्रा आणि अनुस्वार तीन-तीन बाइट घेतो. ‘अंगण पाहुणे’ हे छोटंसं नाव मोजलं तर एका मोकळ्या जागेसह 31 बाइट होतात, म्हणजे जेमतेम मावतं. मला मराठी नाव मनापासून आवडलं असतं. पण काही जुन्या फोनांवर आणि यंत्रांवर ते चौकोन-चौकोन असं दिसतं, आणि कोड वाचताना अक्षरांची गफलत झाली तर फोन भलतंच नाव शोधत बसतो. म्हणून नेटवर्कचं नाव रोमनमध्ये ठेवलंय आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत मराठी लिहिलंय.

कोड स्कॅन होतो, पण ‘पासवर्ड चुकीचा’ येतं. लिहिलेला पासवर्ड मात्र बरोबर आहे.

पासवर्डमध्ये अर्धविराम, स्वल्पविराम, विसर्गासारखं `:` चिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ आहे का ते पाहा. कोडच्या ओळीत अर्धविराम म्हणजे भाग संपला. पासवर्ड `Gul;Poli;Tup` असेल तर फोन `Gul` एवढाच घेतो. अशा चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते:

```
P:Gul\;Poli\;Tup;
```

फोनने स्वतः बनवलेल्या कोडमध्ये ही काळजी फोनच घेतो. आपण हाताने ओळ लिहितो तेव्हाच ही चूक होते. माझा सल्ला विचाराल तर ही चिन्हं पासवर्डमध्ये ठेवूच नका.

दुसरं कारण म्हणजे पासवर्डच्या शेवटी चुकून चिकटलेली मोकळी जागा. फोनवरून मजकूर उचलून डकवला की ती हमखास येते, आणि डोळ्यांना दिसत नाही.

तिसरं कारण छापील अक्षरांत लपतं. कार्ड वर्डमध्ये करताना `-` ही साधी जोडरेघ आपोआप लांब होऊ शकते, आणि ओळीच्या सुरुवातीचं लहान अक्षर मोठं होऊ शकतं. कोड बरोबर असतो, पण कार्डावर पाहून टाइप करणारा अडतो. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या कार्डावर `Aamras` छापलं गेलं होतं. फोनवाले सगळे जोडले गेले आणि एकटा लॅपटॉपवाला मेहुणा तासभर झगडत बसला.

एखादा फोन जोडलाच जात नाही. दोष कार्डाचा की राउटरचा?

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि फोन काय म्हणतो त्यावरून त्या कळतात. कॅमेरा कोड ओळखतच नसेल, काहीच विचारत नसेल, तर दोष छपाईचा, उजेडाचा किंवा जुन्या फोनचा. आयफोनचा कॅमेरा असे कोड आयओएस 11 पासून, म्हणजे 2017 पासून, वाचतो. अँड्रॉइडवर साधा कॅमेरा वाचत नसेल तर वाय-फायच्या यादीत `Add network` समोरचं कोडचं छोटं चिन्ह दाबून पाहा.

फोनने नेटवर्कचं नाव दाखवलं, होय म्हटलं, आणि तरी जोडला गेला नाही, तर नाव-पासवर्ड तपासा किंवा अंतर तपासा. आमच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. 5 गीगाहर्ट्झचे तरंग त्या पार करताना लवकर दमतात, 2.4 चे त्यापेक्षा बरे जातात. पाहुण्यांचं नेटवर्क फक्त 5 वर चालू असेल तर ओटीवर उत्तम आणि माजघरात शून्य, असं होतं. 2.4 चालू आहे ना, ते राउटरच्या पानावर पाहा. सुरक्षा फक्त WPA3 ठेवली असेल तर जुने फोन दारातच अडतात, तिथे WPA2 आणि WPA3 एकत्र ठेवायचं.

फोन जोडला गेला पण नेट नाही, असं असेल तर कार्डाने आपलं काम चोख केलंय. लाइन गेली असेल. कोकणात भाद्रपदाच्या पावसात ते नवीन नाही.

कार्डावर कोड किती मोठा छापू?

इथे थोडं गणित आहे, पण एकदाच करायचं आहे. वरच्या उदाहरणातली ओळ 48 अक्षरांची आहे. मध्यम दुरुस्ती-क्षमतेवर, म्हणजे `-l M` वर, तिचा कोड एका बाजूला 33 चौकोन एवढा होतो. एक चौकोन 1 मिलिमीटर धरला तर कोड 33 मिलिमीटर. चारही बाजूंना चार-चार चौकोन पांढरी जागा हवी, म्हणजे एकूण 41 मिलिमीटर. कोडच्या रुंदीच्या साधारण दहापट अंतरावरून तो वाचता येतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे हा कोड 33 सेंटिमीटरवरून, हातात कार्ड धरून, आरामात वाचला जातो. भिंतीवर टांगून दीड मीटरवरून वाचायचा असेल तर कोड 15 सेंटिमीटरचा लागेल.

दुरुस्ती-क्षमता म्हणजे कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता येणं. चार पायऱ्या आहेत: L मध्ये सुमारे 7 टक्के, M मध्ये 15, Q मध्ये 25 आणि H मध्ये 30. सगळ्यात वरची घ्यावी, असं कुणालाही वाटतं. पण हीच ओळ H वर केली की कोड 41 चौकोनांचा होतो आणि तेवढ्याच जागेत प्रत्येक चौकोन 0.8 मिलिमीटरवर येतो. साध्या इंकजेटवर शाई पसरली तर बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात. घरच्या कार्डाला M पुरेसं आहे. आणि तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींवर डाग पडला तर कुठलीच पायरी खात्रीने वाचवत नाही, कारण कोड कुठे आहे हे फोन त्यांच्यावरूनच ओळखतो.

कोडभोवती नक्षी, मध्ये गणपतीचं चित्र, रंग, हे चालेल का?

नक्षी पांढऱ्या जागेच्या बाहेर हवी. त्या चार चौकोनांच्या पट्ट्यात आंब्याची डहाळी काढलीत की कोड कुठे सुरू होतो हे कॅमेऱ्याला कळत नाही. रंग गडद हवा आणि पाठ फिकी. गडद निळा किंवा तपकिरी चालतो. काळ्या पाठीवर पांढरा कोड सुंदर दिसतो, पण सगळे फोन तो वाचत नाहीत. केशरी पिवळ्यावर तर मुळीच नको. मध्ये चित्र घालणं म्हणजे दुरुस्ती-क्षमता आधीच खर्च करून टाकणं. चित्र बाजूला ठेवा, कार्डावर जागा भरपूर असते.

कार्डावर आणखी काय लिहावं?

आमचं कार्ड A6 आकाराचं, 105 बाय 148 मिलिमीटर, आहे. A4 च्या एका पानातून चार निघतात. वर ‘वाय-फाय’ एवढंच, मध्ये कोड, खाली नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड, आणि तळाला ‘कॅमेरा उघडून कोडवर धरा, खाली दिसेल त्यावर दाबा’ हे एक वाक्य. लॅपटॉपवाल्यांसाठी पासवर्ड अक्षरांत लागतोच. तो अशा टंकात छापा, ज्यात `l`, `I` आणि `1` वेगळे दिसतात, तसेच `0` आणि `O`. कन्सोलाससारखा टंक त्यासाठी चांगला. मागच्या बाजूला मी पेन्सिलीने तारीख टाकते, म्हणजे जुनं कार्ड कोणतं ते कळतं.

झेरॉक्सच्या दुकानात छापून घेताना काय सांगू?

फाइल पीडीएफ करून न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर `Document` म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की तो दाबला जातो आणि चौकोनांच्या कडांना धूर लागल्यासारखं दिसतं. छापताना `Actual size` किंवा 100 टक्के निवडायला सांगा. `Fit to page` वर आकार बदलतो. हातात आल्यावर पट्टीने मोजा: कोड 33 मिलिमीटर भरला पाहिजे.

कागद 250 ते 300 जीएसएमचा घ्या, म्हणजे कार्ड उभं राहतं. लॅमिनेशन करायचं तर मॅट. चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटची पट्टी नेमकी कोडवर पडते आणि पाहुणा कार्ड वाकडंतिकडं करत बसतो. सगळी कार्डं छापण्याआधी एकच काढून घ्या आणि दुकानातच उभं राहून दोन वेगळ्या फोनांवर स्कॅन करून पाहा. तिथे राउटर नसल्यामुळे फोन जोडला जाणार नाही, पण नेटवर्कचं नाव दाखवील, आणि छपाई वाचता येते की नाही हे तेवढ्यावरून कळतं. काम झालं की दुकानाच्या संगणकावरून फाइल पुसून घ्यायला विसरू नका. पासवर्ड तिच्यात उघडा आहे.

कार्ड कुठे ठेवावं?

पाहुणा जिथे बसतो आणि झोपतो तिथे, पण रस्त्यावरून किंवा खिडकीतून दिसणार नाही असं. आणि सजावटीचे फोटो काढताना कार्ड उलटं करा. आमच्या मखराच्या एका फोटोत कोपऱ्यात कार्ड आलं होतं आणि तो फोटो तोवर तीन जणांच्या स्टेटसवर चढला होता. मोठा करून पाहिला तर कोड स्पष्ट वाचता येत होता. त्या संध्याकाळी पासवर्ड बदलला, नवा कोड केला, आणि दुकान बंद असल्यामुळे घरच्याच प्रिंटरवर साध्या कागदावर छापला. तो जुन्या कार्डावर खळीने चिकटवला आणि विसर्जनापर्यंत तोच चालला.